आत्याचे अभंग, दादाचं रॉक आणि एकच लॉगिन

हेडफोन कानात, बस सिग्नलला, गाणं ऐन रंगात आणि अचानक शांतता! तुम्ही खिशातून मोबाइल काढता. नेट आहे, बॅटरी आहे, मागच्याच आठवड्यात पैसेही भरलेत. आणि स्क्रीनवर एक साळसूद ओळ: `Playback paused because your account is being used in another location.` यूट्यूबचं वाक्य हे असं. स्पॉटिफायवर खालच्या पट्टीत `Listening on` किंवा `Playing on` असं लिहून पुढे एखाद्या उपकरणाचं नाव येतं. शब्द निराळे, पण मथितार्थ एकच. बाबा रे, तुझं गाणं सध्या दुसरीकडे वाजतंय.

दुसरीकडे म्हणजे कुठे? आणि वाजवतंय कोण? पहिला संशय हॅकरवर जातो, दुसरा नवऱ्यावर किंवा बायकोवर, आणि तिसरा थेट कंपनीवर. 'पैसे घेतात आणि गाणं बंद करतात!' खरं कारण बहुतेक वेळा एवढं फिल्मी नसतं. कुठल्यातरी लॉगिनवर दोन माणसं बसलेली असतात आणि त्या ॲपच्या लेखी ती एकच व्यक्ती असते.

म्हणजे असं बघा. तुम्ही खातं उघडलंत की तिकडे सर्व्हरवर तुमच्या नावाने एक पाटी तयार होते. एका खात्याला पाटी एकच. त्या पाटीवर लिहिलेलं असतं की सध्या कुठलं गाणं सुरू आहे, ते कितव्या मिनिटाला पोचलंय, चालू आहे की थांबवलंय, आणि आवाज कुठल्या उपकरणातून येतोय. तुमचा मोबाइल, ऑफिसचा लॅपटॉप, घरचा टीव्ही, ज्यावर ज्यावर ते लॉगिन आहे ती सगळी मंडळी ॲप उघडलं की याच पाटीकडे बघत असतात. पाटीवरचा मजकूर बदलला की सर्व्हर तो लगेच सगळ्यांना कळवतो.

आता मेख इथे आहे. आवाज कुठून येतोय या रकान्यात एका वेळी एकच नाव मावतं. व्यक्तिगत खात्यावर ऑनलाइन गाणं एका वेळी एकाच ठिकाणी वाजणार, हा नियम स्पॉटिफायचाही आहे आणि ॲपल म्युझिकचाही. आपला गोंधळ होतो कारण आपल्याला सिनेमांच्या ॲपची सवय लागलीय. नेटफ्लिक्सच्या महागड्या प्लॅनमध्ये एकाच वेळी चार पडदे चालतात. त्यामुळे गाण्यांचंही तसंच असेल असं आपण धरून चालतो. तसं नाही! सिनेमा घरभर बघतात हे तिथे किमतीतच धरलेलं असतं. गाण्याचा व्यक्तिगत प्लॅन एका जोडी कानांसाठी विकलेला असतो. तुमच्याकडून आलेल्या पैशांतला मोठा वाटा गाण्यांच्या हक्कदारांना जातो, आणि तो एका ऐकणाऱ्याच्या हिशोबाने ठरलेला असतो.

मग दुसऱ्या माणसाने प्ले दाबलं की काय होतं? इथे ॲपच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा साधी आहे. जो शेवटी प्ले दाबेल, पाटी त्याची. आधीच्याचं गाणं थांबतं आणि त्याला तो निरोप मिळतो. त्याने चिडून पुन्हा प्ले दाबलं की समोरच्याचं बंद. अशी ही रस्सीखेच दोघांपैकी एक जण कंटाळेपर्यंत चालू शकते.

दुसरी तऱ्हा जास्त गमतीची, आणि जास्त गोंधळाची. स्पॉटिफायने २०१३ मध्ये 'कनेक्ट' नावाची सोय आणली. कल्पना छान होती. हॉलमधल्या स्पीकरवर गाणं चालू आहे, तुम्ही सोफ्यावर लोळताय, तर मोबाइलच रिमोट व्हावा. गाणं मोबाइलवर निवडायचं आणि वाजणार स्पीकरवर. आता तोच मोबाइल दुसऱ्या माणसाच्या हातात आहे, दुसऱ्या गावात आहे, असं समजा. ॲपला त्याचं काय? खातं एक म्हणजे माणूस एक. तुम्ही गाणं निवडता, सर्व्हर पाटी बघतो, पाटीवर त्या दूरच्या स्पीकरचं नाव असतं, आणि तुमचं गाणं इमानेइतबारे तिकडे जाऊन वाजायला लागतं. तुमच्या कानात मात्र सन्नाटा.

हे थिअरीत ऐकायला ठीक वाटतं. पण याने माणसांमध्ये काय होऊ शकतं ते मला सांगलीला कळलं.

माझा आतेभाऊ पुण्यात आयटीमध्ये आहे. मागच्या दिवाळीत त्याने आत्याला नवा टीव्ही घेऊन दिला, वाय-फायला जोडून दिला, आणि गाण्यांचं ॲप टाकून त्यात स्वतःचं लॉगिन भरलं. 'आई, वेगळे पैसे कशाला भरायचे? माझं आहे ना.' आत्या एकटी असते. सकाळी पूजेच्या वेळी तिला अभंग लागतात. रेडिओवर ते त्यांच्या सोयीने लागणार, हिच्या सोयीने नाही. त्यामुळे टीव्हीवर बोट दाबलं की हवा तो अभंग, याचं तिला भारीच अप्रूप.

आता एक नेहमीची सकाळ घ्या. सव्वासातला आत्या सांगलीत अभंग लावते. पाटीवर नाव लागतं, हॉलचा टीव्ही. पावणेआठला दादा पुण्यात कंपनीच्या बसमध्ये चढतो, ॲप उघडतो आणि खालच्या पट्टीकडे न बघता आपली रॉकची प्लेलिस्ट सुरू करतो. पाटीवर टीव्ही आहे, म्हणून गिटार सुरू होते ती सांगलीच्या हॉलमध्ये, देवासमोर! दादाच्या हेडफोनमध्ये काहीच नाही. त्याला वाटतं आवाज कमी आहे. तो मोबाइलच्या बाजूचं बटण दाबत जातो. त्याचा फोन अँड्रॉइड. पाटीवर टीव्ही असताना ते बटण टीव्हीचा आवाज वाढवतं. इकडे आत्या हातातली निरांजन तशीच ठेवून रिमोट शोधतेय.

ती टीव्ही बंद करते. थोड्या वेळाने टीव्हीचा सर्व्हरशी असलेला संपर्क तुटतो, पाटीवरचा रकाना मोकळा होतो, दादा वैतागून पुन्हा प्ले दाबतो आणि आता गाणं त्याच्या कानात सुरू होतं. मधल्या काळात त्याने हेडफोन दोनदा चालू-बंद केलेले असतात. निष्कर्ष काय? 'हेडफोनचं कनेक्शन गंडलंय!'

काही दिवशी उलटं व्हायचं. दादाला बस लवकर असायची, त्याचं गाणं आधीच सुरू असायचं. मग आत्या टीव्हीवरच्या यादीतून टीव्ही निवडून अभंग लावायची आणि तिकडे याचं गाणं मध्येच गप्प. रात्रीच्या फोनवर तो सहज म्हणाला, 'सकाळी गाणं सारखं बंद पडतंय गं माझं.' त्याने नवे हेडफोन घेतले. चांगले महागातले. आणि काय आश्चर्य, प्रॉब्लेम सुटला!

प्रॉब्लेम का सुटला ते मी सांगलीला गेले तेव्हा कळलं. सकाळी घर अगदी शांत होतं. मी विचारलं, 'आत्या, अभंग नाही लावत का आता?'

'अगं, मी लावलं की त्याचं बंद पडतं,' ती म्हणाली. 'टीव्हीवर खाली त्याच्या मोबाइलचं नाव येतं ना, वाचता येतं मला. दिवसभर कामात असतो तो. जाता-येता तेवढंच ऐकतो. माझं काय, मी म्हणते तोंडाने.'

इंजिनिअर मुलाने नवे हेडफोन घेतले आणि त्याच्या आईने खालची ओळ वाचली! तिचं निदान बरोबर होतं. तिने शोधलेला उपाय तेवढा चुकीचा होता, कारण स्वतः गप्प बसण्याची काही गरजच नव्हती. आणि हे त्याला सांगावंसंही तिला वाटलं नाही. सांगितलं असतं तर त्याने स्वतःचं गाणं बंद ठेवलं असतं, अशी तिची खात्री.

म्हणून आधी निदान कसं करायचं ते नीट समजून घ्या. गाणं गप्प झालं की स्क्रीनवर दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे गाण्याची पुढे सरकणारी रेघ, आणि दुसरी म्हणजे खाली एखाद्या उपकरणाचं नाव आहे का. रेघ सरकतेय, आवाज नाही, आणि खाली अनोळखी किंवा घरच्या दुसऱ्या उपकरणाचं नाव आहे, तर गाणं तिकडे वाजतंय. रेघ सरकतेय, दुसरं कुठलंच नाव नाही आणि आवाज नाही, तर हेडफोन किंवा ब्लूटूथ बघा. रेघच अडकलीय आणि गोल चक्र फिरतंय, तर बिचारं नेट दमलंय. आणि रेघ थांबलीय, पण वर खातं दुसरीकडे वापरात असल्याचा निरोप आहे, तर कोणीतरी शेवटचं प्ले दाबून पाटी पळवलीय. ही चार कारणं वेगवेगळी आहेत. दादाने यातल्या दुसऱ्यासाठी पैसे खर्च केले आणि त्याचा आजार पहिला होता.

तातडीचा उपाय त्याच पट्टीत असतो. उपकरणाच्या नावावर किंवा तिथल्या छोट्या स्पीकर-स्क्रीनच्या चित्रावर बोट ठेवलं की यादी उघडते. त्यातून आपला फोन निवडला की गाणं आपल्याकडे येतं. पण लक्षात घ्या, त्याच क्षणी पलीकडच्याचं बंद होतं. म्हणजे हा उपाय तुमच्यापुरता. दोघांचा नाही.

यावर एक लोकप्रिय जुगाड आहे. गाणी आधी डाउनलोड करायची आणि ॲप ऑफलाइन मोडवर टाकायचं. मग तुमचा फोन सर्व्हरशी बोलतच नाही, पाटीवर तुमचं नाव लागत नाही, आणि पलीकडे टीव्ही निवांत वाजत राहतो. चालतं का? चालतं. पण त्याच्या मर्यादा आहेत. डाउनलोडची सोय पैसे भरलेल्या खात्याला मिळते. स्पॉटिफायवर ती गाणी टिकवायची तर ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. ऑफलाइन असताना नवं गाणं शोधून लावता येत नाही. आणि मुळात एक लॉगिन दोघांनी वापरायचं नाही हे नियमांत लिहिलेलंच असतं. आपण सगळेच ते न वाचता 'आय ॲग्री' दाबतो, तो भाग वेगळा.

जुगाडाने आणखी एक गोष्ट सुटत नाही. पाटीच्या मागे एक वहीसुद्धा असते. या खात्यावर आजवर काय काय ऐकलं गेलं, ते सगळं तिच्यात लिहिलं जातं. पुढे कुठली गाणी सुचवायची ते ॲप याच वहीवरून ठरवतं. दोघं एका वहीत लिहायला लागले की तिसराच कोणीतरी तयार होतो, ज्याला सकाळी टाळ-मृदंग आवडतात आणि पंधरा मिनिटांनी डबल बेस ड्रम. दादाच्या होमपेजवर महिनोन्महिने ही खिचडी शिजत होती. त्याला वाटायचं, ॲपला आपली टेस्टच कळत नाही. कळणार कशी? त्याला वाटत होतं एकाच माणसाला हे सगळं आवडतं. वर्षअखेरीस 'तुम्ही यंदा काय ऐकलंत' असा जो रंगीत अहवाल येतो, तोही याच वहीतून निघतो. ऑफिसच्या ग्रुपवर टाकण्याआधी जरा बघून घ्या म्हणजे झालं!

कायमचा उपाय एकच, दोन माणसं तर दोन खाती. इथे 'फॅमिली प्लॅन घेऊन टाका' असं म्हणायला सोपं आहे, पण त्यातही गोम आहे. फॅमिली किंवा दोघांसाठीच्या प्लॅनमध्ये बिल एक असतं, तरी प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असतं. म्हणजे प्रत्येकाची पाटी वेगळी, वहीही वेगळी. इथवर उत्तम. पण स्पॉटिफायच्या अशा प्लॅनची अट आहे की सगळे सदस्य एकाच पत्त्यावर राहणारे हवेत. यूट्यूबच्या फॅमिली प्लॅनलाही एकाच घरातली माणसं लागतात. एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नवरा-बायकोला हे चालेल. मुलगा पुण्यात आणि आई सांगलीत असेल तर नाही चालणार. शिवाय या प्लॅनची नावं आणि किमती देशागणिक वेगळ्या असतात आणि अधूनमधून बदलतात, म्हणून घेण्याआधी ॲपमध्येच आजची यादी बघावी.

सांगलीत आम्ही काय केलं? आत्याच्या स्वतःच्या ई-मेलवर एक फुकट खातं उघडलं. टीव्हीवरून दादाचं लॉगिन काढलं आणि आत्याचं टाकलं. तिची आवडती प्लेलिस्ट दादाच्या खात्यात होती. तिची लिंक स्वतःला पाठवून ती नव्या खात्यात साठवून घेतली. जुनी वही काही येत नाही बरोबर, ती पुन्हा पहिल्या पानापासून लिहावी लागते. फुकट खात्यात मध्येमध्ये जाहिराती येतात. 'रेडिओवर काय येत नव्हत्या?' आत्या म्हणाली. पंधरा मिनिटांत काम संपलं. मग मी दादाला फोन लावला आणि हेडफोनची खरी स्टोरी सांगितली. पलीकडे बराच वेळ गाणं बंद पडल्यासारखी शांतता होती.

आता तो पहिला संशय, हॅकरवाला. तो अगदीच फालतू नाही. पट्टीत दिसणारं उपकरण घरातल्या कोणाचंच नसेल, नुकत्याच ऐकलेल्या गाण्यांच्या यादीत तुम्ही कधीच न लावलेली गाणी असतील, किंवा भलत्या वेळी तुमची पाटी कोणी पळवत असेल, तर लॉगिन बाहेर गेलंय असं समजा. बाहेर म्हणजे चोराकडेच असं नाही. दोन वर्षांपूर्वीचा रूममेट, विकलेला जुना लॅपटॉप, गोव्याच्या ट्रिपमध्ये होमस्टेच्या टीव्हीवर केलेलं लॉगिन, किंवा ज्याच्याशी आता बोलणं नाही अशी एखादी व्यक्ती! तिच्याकडे पासवर्ड राहिला असेल तर तुम्ही सध्या काय ऐकताय हेही तिला दिसतं. ब्रेकअपनंतर तुम्ही रात्री दोन वाजता काय ऐकता ही माहिती कोणाला द्यायची, ते तुम्ही ठरवायला हवं.

अशा वेळी आधी पासवर्ड बदलायचा. मग वेबसाइटवर आपल्या खात्याच्या पानावर जाऊन सगळीकडून लॉगआउट करायचं. स्पॉटिफायवर त्या पर्यायाचं नाव `Sign out everywhere` आहे. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, कारण आधीच आत बसलेली उपकरणं बाहेर काढायला हवीत. गूगल किंवा फेसबुकच्या खात्यातून लॉगिन करत असाल, तर तिथला पासवर्डही बदला, नाहीतर पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवल्यासारखं होईल. मग आपली-आपली उपकरणं एकेक करून पुन्हा जोडायची.

आणि एखाद्या वेळी कोणीच दोषी नसतं. गाणं थांबवलेलं असतं, घरी कोणी नसतं, तरी पट्टीत टीव्हीचं नाव दिसत राहतं. टीव्हीवरचं ॲप नीट बंद न करता नुसता पडदा बंद केला, की पाटीवरचं नाव लगेच पुसलं जात नाही. यादीतून आपला फोन निवडा, विषय संपला. त्यावरून घरी कोण आलं होतं याची चौकशी लावू नका.

थोडक्यात काय, तो निरोप तुम्हाला चोर म्हणत नाही आणि काही बिघडलंय असंही म्हणत नाही. तो फक्त पत्ता सांगतो. पुढच्या वेळी गाणं मध्येच गप्प झालं, तर हेडफोनच्या दुकानात जाण्याआधी तेवढं एक नाव वाचा. नाव घरच्या माणसाचं निघालं, तर त्याला फोन करा आणि विचारा, 'काय ऐकतोयस?' त्याचं खातं वेगळं काढायला पंधरा मिनिटं पुरतात.